गोळीवरचे नाव आणि रक्तातले औषध

१९३० च्या दशकात जर्मनीतील बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत गेरहार्ड डोमाक यांनी स्ट्रेप्टोकोकस जिवाणू टोचलेल्या उंदरांना एक लाल रंगद्रव्य दिले आणि उंदीर जगले. पण तेच द्रव्य परीक्षानळीत जिवाणूंवर टाकले की काहीच घडत नसे. १९३५ मध्ये त्यांनी ‘प्रॉन्टोसिल’ नावाच्या या रंगद्रव्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी कोडे सोडवले. शरीरात त्या रेणूचे तुकडे होतात आणि त्यातला सल्फानिलामाइड हा रंगहीन तुकडा जिवाणूंची वाढ रोखतो. ज्या लाल रंगावर सगळ्यांची भिस्त होती, त्याचा उपचाराशी काही संबंधच नव्हता. शरीरात गेल्यावर औषध बनणाऱ्या अशा पदार्थांना ‘प्रोड्रग’ हे नाव १९५८ मध्ये एड्रियन अल्बर्ट यांनी दिले. त्यातून तयार होऊन प्रत्यक्ष काम करणारा पदार्थ म्हणजे सक्रिय मेटाबोलाइट.

प्रॉन्टोसिलमध्ये हे नकळत घडले होते. रक्तदाबावरच्या एनालाप्रिलमध्ये ते मुद्दाम घडवले गेले. आधीच्या कॅप्टोप्रिलमधील गंधकाच्या गटामुळे काही रुग्णांना पुरळ येत असे, तोंडाची चव जात असे. मर्क या औषध कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी गंधक वगळून एनालाप्रिलॅट तयार केले. रक्तवाहिन्या आवळणारे अँजिओटेन्सिन तयार करणारे विकर, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, ते उत्तम रोखत होते, पण त्यातल्या दोन आम्लगटांमुळे ते आतड्यातून जेमतेमच रक्तात जाई. मग त्यांनी एका आम्लगटावर इथाइलचे झाकण बसवले. हे झाकलेले रूप म्हणजे एनालाप्रिल. ते तोंडाने घेतल्यावर सुमारे ६० टक्के शोषले जाते आणि यकृतातील एस्टरेज विकर ते झाकण काढून टाकते.

या वळशाला वेळ लागतो. रक्तातले एनालाप्रिल साधारण तासाभरात शिखर गाठते, एनालाप्रिलॅट मात्र तीन ते चार तासांनी. रक्तदाब सर्वांत जास्त उतरतो तो गोळीनंतर चार ते सहा तासांनी. त्यामुळे सकाळच्या गोळीने अर्ध्या तासात आकडा उतरला नाही म्हणून दुसरी गोळी घेतली, तर दोन्हींचा परिणाम दुपारी एकदम चढतो आणि उभे राहताना चक्कर येते. झाकण यकृत काढते, पण एनालाप्रिलॅट बाहेर टाकायचे काम मूत्रपिंडांचे. मूत्रपिंडे बरीच अधू असतील तर ते साठत जाते, त्यामुळे नेहमीच्या ५ मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात. तोंडाने गोळी देता येत नसेल तिथे एनालाप्रिलॅटच शिरेतून देता येते. आतड्याची अडचणच नसल्याने झाकणाची गरज उरत नाही.

कोडीन या वेदनाशामकाची गोष्ट याहून जुनी आणि अधिक धोक्याची. पिएर रोबिके यांनी ते १८३२ मध्ये अफूतून वेगळे केले. रचनेने ते मॉर्फिनच, फक्त त्यावर एक मिथाइल गट जास्त. त्या एका गटामुळे वेदनेच्या रिसेप्टरवरची त्याची पकड फारच ढिली पडते. यकृतातील सीवायपी२डी६ हे विकर तो गट काढते तेव्हा मॉर्फिन तयार होते, आणि वेदना मुख्यतः त्यानेच शमते. बहुतेक लोकांत डोसचा जेमतेम पाच ते दहा टक्के भाग या वाटेने जातो. बाकीचा दुसऱ्या वाटांनी निकामी होऊन निघून जातो.

समजा, तिघांनी ३० मिलिग्रॅमची एकेक गोळी घेतली. पहिल्याच्या शरीरात ढोबळमानाने दोन-तीन मिलिग्रॅम मॉर्फिन बनते आणि दुखणे कमी होते. दुसऱ्याला या विकराची चालू जनुके वारशात मिळालेलीच नाहीत. त्याला मळमळ आणि बद्धकोष्ठता होते, कारण कोडीन शरीरात आहेच. दुखणे मात्र जवळपास तसेच राहते. डोस वाढवून फायदा नाही, त्रासच वाढतो. तिसऱ्याकडे त्या जनुकाच्या जादा प्रती आहेत. त्याच्या शरीरात मॉर्फिन झपाट्याने आणि जास्त बनते. नेहमीच्याच डोसवर गुंगी, डोळ्यांच्या टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या आणि मंदावलेला श्वास दिसतो. लहान मुलांत हे जिवावर बेतते. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन दिलेल्या काही मुलांच्या मृत्यूंनंतर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये त्या वापराविरुद्ध सर्वांत कडक इशारा दिला आणि २०१७ मध्ये १२ वर्षांखालील मुलांना कोडीन देणे निषिद्ध ठरवले.

जनुके नेहमीची असूनही माणसाची गत या तिघांतल्या दुसऱ्यासारखी होऊ शकते. पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन ही नैराश्यावरची औषधे हेच विकर अडवतात. ‘कालपर्यंत कोडीन चालत होते, आता उतार पडत नाही’ असे रुग्ण सांगतो तेव्हा मधल्या काळात कोणती नवी गोळी सुरू झाली, हे आधी विचारावे. अशा वेळी ट्रॅमाडॉल या दुसऱ्या वेदनाशामकाकडे वळूनही अनेकदा निराशाच पदरी पडते, कारण त्याचाही जोरकस मेटाबोलाइट हेच विकर बनवते, आणि वर या नैराश्यावरच्या गोळ्यांसोबत सेरोटोनिन हे मेंदूतले रसायन प्रमाणाबाहेर वाढण्याचा धोका असतो. पॅरासिटामॉलला किंवा गरजेनुसार थोड्या मात्रेतल्या मॉर्फिनला या विकराची वाट पाहावी लागत नाही.