दर सहा आठवड्यांनी बदलावी लागणारी फरशी

शिकागोच्या म्युझियम ऑफ सायन्स अँड इंडस्ट्रीमध्ये अंड्यातून कोंबडीची पिल्लं बाहेर येताना दाखवणारं एक प्रदर्शन होतं. काचेच्या पेटीत ऊब दिलेली अंडी ठेवलेली, आणि लोक बाहेरून बघतायत की कुठलं कवच आता तडकतंय. म्युझियमवाल्यांना कळायचं होतं की आपल्याकडे लोकांना सगळ्यात जास्त काय आवडतं. सरळ मार्ग म्हणजे दारात कुणीतरी फॉर्म घेऊन उभं करायचं आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं. पण असं विचारलं की माणूस जरा सावरून बोलतो, म्युझियमला आलोय म्हणजे काहीतरी अभ्यासू उत्तर दिलं पाहिजे असं त्याला वाटतं. तो खोटं बोलत नसतो, पण विचारल्यामुळे त्याचं उत्तर थोडं तरी बदलतंच.

इथे उत्तर मिळालं ते जमिनीकडून. पिल्लांच्या पेटीभोवतीच्या विनाइलच्या टाइल्स साधारण दर सहा आठवड्यांनी बदलाव्या लागत होत्या, आणि त्याच म्युझियममध्ये बाकी ठिकाणी वर्षानुवर्षं टाइल्सना हात लावायची गरज पडत नव्हती. १९६६ साली यूजीन वेब, डोनाल्ड कॅम्पबेल, रिचर्ड श्वार्ट्झ आणि ली सेक्रेस्ट या चौघा संशोधकांनी लोकांना न विचारता माहिती कशी मिळवता येते यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात हे उदाहरण आलं आणि तेव्हापासून समाजशास्त्राच्या वर्गात ते सांगितलं जातं.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट बहुतेक लोक सांगतच नाहीत. टाइल किती झिजली हे कुणी मोजपट्टी लावून मोजलेलं नव्हतं. सहा आठवडे हा आकडा आला मेंटेनन्स खात्याच्या नोंदींमधून, म्हणजे कधी कुठली टाइल काढली आणि नवीन बसवली याच्या. त्यामुळे मधे एक माणूस आलाच, ज्याने ठरवलं की ही टाइल आता खराब दिसते, बदला. तो माणूस मुख्य हॉलमधल्या टाइल्सबाबत कडक आणि कोपऱ्यातल्या खोलीबाबत जरा ढिला असेल तर आपल्या आकड्यात झीजही आहे आणि त्याची नजरही आहे. म्हणून असा डेटा वापरायच्या आधी पहिलं विचारायचं ते हे की नोंद कोण करतं आणि टाइल बदलायचा निर्णय तो कशावरून घेतो.

दुसरी अडचण याहून मोठी आहे आणि ती त्या चौघांनी स्वतःच मांडलीय. लोकांच्या नकळत निरीक्षण करून असं दिसलं होतं की पिल्लांच्या पेटीपुढे लोक बाकी कुठल्याही प्रदर्शनापेक्षा जास्त वेळ उभे राहतात. वरवर बघता हा पुरावा टाइलच्या बाजूचाच, पण खरं तर यामुळे टाइलचा अर्थ संशयास्पद होतो. पिल्लू काही मिनिटात बाहेर येत नाही, कवचाला पहिली भेग पडल्यापासून कित्येक तास जातात, तोपर्यंत बघणारा माणूस एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर घेतो, पोराला उचलून घेतो, मागच्याला जागा देताना पाय घासत सरकतो. मग टाइल झिजली ती खूप लोक आले म्हणून, की थोडेच लोक आले पण बराच वेळ पाय घासत उभे राहिले म्हणून?

आकडे धरून बघूया, हे आकडे मी फक्त समजण्यासाठी घेतोय. समजा एका प्रदर्शनापुढे तासाला १०० माणसं येतात आणि प्रत्येक जण ३० सेकंद थांबतो. दुसऱ्यापुढे फक्त २० येतात पण प्रत्येक जण १५० सेकंद थांबतो. दोन्हीकडे जमिनीवर पाय असण्याचा एकूण वेळ तेवढाच, ३००० सेकंद. झीज जर पाय टेकलेल्या वेळावर अवलंबून असेल तर दोन्ही टाइल्स सारख्याच झिजणार आणि आपण म्हणणार दोन्ही प्रदर्शनं सारखीच लोकप्रिय, जेव्हा की एकाकडे पाचपट माणसं येतायत. आणि झीज जर चालताना पडणाऱ्या पावलांवर जास्त अवलंबून असेल तर पहिल्याची टाइल जास्त झिजेल आणि उत्तर वेगळंच येईल. म्हणजे टाइलला वेळ आणि माणसं वेगळी करून सांगता येत नाहीत, तिच्यात दोन्ही एकत्र मिसळलेली असतात.

हे सोडवायचं कसं? एक म्हणजे नुसती किती झीज हे न बघता तिचा आकार बघायचा. चालत जाणाऱ्या लोकांमुळे लांबट पट्टा झिजतो, देवळाच्या उंबऱ्याजवळ किंवा जुन्या वाड्याच्या जिन्यात पायरीचा मधलाच भाग खोलगट झालेला असतो तसा, आणि उभं राहणाऱ्यांमुळे कठड्यापुढे अर्धवर्तुळासारखा डाग पडतो. दुसरं म्हणजे थोडा वेळ का होईना, कुणीतरी बाजूला बसून डोकी मोजायची. तासभर मोजलं तरी कळतं की झीज गर्दीची आहे की रेंगाळण्याची. आणि तुलना करताना जागा सारख्या हव्यात. दाराजवळची टाइल बाहेरून आलेल्या वाळू-मातीमुळे जास्त घासली जाते, त्यात प्रदर्शनाचा काहीच हात नसतो. शिवाय मानसशास्त्रज्ञ आर्थर मेल्टन यांनी १९३० च्या दशकात कलासंग्रहालयांमध्ये बघितलं होतं की दालनात शिरलेले बहुतेक लोक उजवीकडे वळतात, त्यामुळे उजव्या बाजूचं चित्र चांगलं असो वा नसो, तिथली जमीन जास्त पावलं बघणार.

टाइल हे झिजण्याचं उदाहरण झालं, काहीतरी कमी होतं आणि त्यावरून आपण माग काढतो. याच्या उलट काहीतरी साचतं तेही कामाचं असतं. प्रदर्शनाची काच रात्री पुसायच्या आधी तिच्यावर नाकाचे ठसे किती आहेत ते मोजायचं, आणि ठसा जमिनीपासून किती उंचीवर आहे त्यावरून बघणारं मूल होतं की मोठं माणूस याचा अंदाज घ्यायचा, ही कल्पनाही त्याच पुस्तकात आहे. मला ती फार आवडते, कारण टाइल जे सांगू शकत नाही, म्हणजे कोण आलं होतं, त्याचा थोडा तरी पत्ता काच देते. एका खुणेत जे कमी पडतं ते दुसऱ्या वेगळ्या प्रकारच्या खुणेने भरून काढायचं, या सगळ्या पद्धतीचा कणा हाच आहे.

आता लायब्ररीकडे येतो. पुस्तक दिल्या-घेतल्याच्या नोंदी कुठल्याही संशोधकासाठी ठेवलेल्या नसतात, पुस्तक परत यावं म्हणून ठेवलेल्या असतात, आणि म्हणूनच त्या इतक्या निखळ असतात. संशोधक एडविन पार्कर यांना प्रश्न पडला होता की टीव्ही आल्यावर लोकांचं वाचन खरंच कमी झालं का. घरोघरी जाऊन विचारलं असतं तर दहा वर्षांपूर्वी किती वाचत होता हे कुणाला आठवणार? त्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या गावांच्या लायब्ररींचे आकडे घेतले. नशिबाने तिथे एक गोष्ट आपोआप जुळून आली होती, अमेरिकन सरकारने १९४८ ते १९५२ या काळात नवीन टीव्ही स्टेशनांचे परवाने थांबवून ठेवले होते, त्यामुळे काही गावांत टीव्ही आधी पोचला आणि काहींत बऱ्याच वर्षांनी.

याचा फायदा असा. नुसत्या एका गावात टीव्ही आला आणि पुस्तकं जायची कमी झाली, तर दहा कारणं असू शकतात, लायब्ररीने खरेदी कमी केली असेल, एका वेळी किती पुस्तकं द्यायची तो नियम बदलला असेल, किंवा लोकांचे उद्योगधंदे वाढून वेळच उरला नसेल. पण आधी टीव्ही आलेल्या गावांत घट आधी दिसते, तेव्हा बाकीच्या गावांत ती दिसत नाही, आणि मग तिथे टीव्ही पोचला की तिथेही दिसते, तेव्हा हीच घट दोनदा दोन वेगळ्या वेळी टीव्हीच्याच मागोमाग आलेली असते. एवढ्या सगळ्या गावांच्या लायब्ररींनी बरोबर त्याच क्रमाने नियम बदलले असतील हे पटण्यासारखं नाही. आणि दुसरी खूण याहून बोलकी होती: कमी झाल्या त्या कथा-कादंबऱ्या, माहितीपर पुस्तकांवर परिणाम दिसला नाही. म्हणजे टीव्हीने करमणुकीच्या वाचनाची जागा घेतली, परीक्षेसाठी किंवा कामासाठी लागणाऱ्या पुस्तकाची नाही. लोकांना विचारून हा फरक इतका स्वच्छ मिळाला असता असं मला वाटत नाही.

तरी पुस्तक नेलं म्हणजे वाचलं असं होत नाही, हे लायब्ररीत जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. आमच्याकडे आईच्या नावावर आणलेली कादंबरी आई, मावशी आणि शेजारच्या काकू अशा तिघी वाचून मग परत जायची आणि नोंद एकच, आणि मी मोठ्या उत्साहाने आणलेले कितीतरी जाड ग्रंथ पंधरा दिवस टेबलावर राहून तसेच परत गेले, त्यांचीही नोंद एकच. गावभराची बेरीज केली आणि ही सवय काळानुसार बदलली नाही तर चढउतार बरोबर दिसतो, पण एका माणसाबद्दल त्यावरून काहीच म्हणता येत नाही. आणि म्हणायलाही नको. पार्कर यांना फक्त किती पुस्तकं गेली आणि कुठल्या प्रकारची एवढंच लागलं, कोणी नेली हे लागलं नाही. रजिस्टरमधलं नाव हा वाचकाचा खाजगी भाग आहे, न विचारता माहिती घेतोय म्हणजे त्याने परवानगी दिलेली नाही, त्यामुळे नावं आधी झाकायची आणि मगच मोजायला बसायचं, या बाबतीत मी जराही सूट द्यायला तयार नाही.

पुस्तक खरंच वाचलं गेलं का याचा माग पुस्तकातच असतो. संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मोस्टेलर यांनी १९५५ मध्ये समाजशास्त्रांच्या एका मोठ्या ज्ञानकोशाचे कुठले लेख वापरले जातात हे शोधताना हार्वर्ड आणि शिकागो विद्यापीठांच्या लायब्ररींमधले खंड तपासले, पानांच्या मळलेल्या कडा, बोटांचे डाग, पेन्सिलीने मारलेल्या रेघा. काही लेख इतके हाताळले गेले होते की त्या पानांचा रंगच बदललेला आणि बाकीच्या खंडातून ते लगेच वेगळे ओळखू येत होते.

घरात जुना शब्दकोश असेल तर तो मिटून, पानांची मोकळी कड तुमच्याकडे करून उजेडात धरा. आमच्या मराठी-इंग्रजी कोशाची कड मी परवा अशी बघितली. पांढरट पिवळ्या कडेवर मधेच एक करडा पट्टा, साधारण बोटभर रुंद, आणि उघडला तर ‘प’पासून ‘म’पर्यंतची पानं. पण ‘प’ने सुरू होणारे शब्द मराठीत तसेही भरपूर, त्या अक्षराला पानंच जास्त, त्यामुळे पट्टा रुंद आहे यात नवल नाही, बघायचं ते तो बाकीच्यांपेक्षा गडद आहे का. माझा गडद होता. मग आठवलं की कोश बरीच वर्षं स्वयंपाकघरातल्या फळीवर होता आणि मधूनच उघडून तसाच पालथा ठेवला जायचा, म्हणजे तो करडा रंग वाचनाचा किती आणि फोडणीच्या धुराचा किती हे वेगळं काढायला मला दुसरी खूण हवी. बोटांचे ठसे पानाच्या खालच्या कोपऱ्यात सापडतात, धूर सगळ्या कडेवर सारखा बसतो. भिंग घेऊन कोपरे बघायचं काम अजून चालू आहे.