थ्रीडी प्रिंटेड मोबाईल स्टँड आणि डेस्क ऑर्गनायझर: कुठलं घ्यायचं, कुठे ठेवायचं, कसं जपायचं

नमस्कार. हे माहितीपत्रक पार्सलमध्ये पण येतं आणि ऑर्डरच्या आधी विचारणाऱ्यांना आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पण पाठवतो. जरा लांब आहे, पण कंटाळा आला तर निदान उन्हाबद्दलचा भाग तेवढा वाचाच, कारण आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी त्यातूनच येतात.

आधी वस्तू काय आहेत ते सांगतो. मोबाईल स्टँड साधारण ८० मिलिमीटर रुंद आणि ६० ग्रॅमच्या आसपास वजनाचा आहे. फोन बसतो ती खाच १३ मिलिमीटरची ठेवलीय, म्हणजे कव्हर न काढता फोन बसतो, आणि मधे चार्जिंगची वायर जायला मोकळी जागा सोडलीय. कव्हरच्या मागे रिंग किंवा पाकीट असेल तर मात्र बसणार नाही, आधी मोजून बघा. डेस्क ऑर्गनायझर १८० बाय १०० चा, उंची ९५ मिलिमीटर, तीन कप्पे आणि पुढे व्हिजिटिंग कार्डची फट. दोन्हीच्या खाली रबरी बटणं चिकटवलेली असतात, त्यामुळे टेबलावर सरकत नाही.

किंमत: स्टँड पीएलएमध्ये २४९ रुपये, पीईटीजीमध्ये ३२९. ऑर्गनायझर ५४९ आणि ६९९. आता हे पीएलए, पीईटीजी काय प्रकरण आहे आणि ८० रुपये जास्त कशाला द्यायचे असं सगळेच विचारतात, तर तेच सांगतो.

पीएलए की पीईटीजी

प्रिंटरमध्ये प्लास्टिकची तार जाते, ती वितळून ०.२ मिलिमीटरच्या थरांनी वस्तू खालून वर उभी राहते. एक स्टँड व्हायला तीनेक तास लागतात, ऑर्गनायझरला दहाच्या वर. तार दोन प्रकारची वापरतो. पीएलए मका, ऊस अशा पिकांच्या साखर-स्टार्चपासून बनतं, दिसायला छान, कडक, रंग भरपूर मिळतात. पण ते ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागतं. वितळत नाही हं, वितळायला खूप जास्त लागतं, फक्त मऊ पडतं, आणि मऊ पडलं की त्याच्यावर जे वजन असेल त्या बाजूला हळूच वाकतं आणि गार झालं की तसंच वाकडं राहतं. पीईटीजी हे पाण्याच्या बाटलीच्या प्लास्टिकच्या नात्यातलं, ते साधारण ८० डिग्रीपर्यंत तग धरतं आणि पडलं तर पटकन तडकत नाही, पण फिनिश थोडी चकचकीत येते आणि कधीकधी केसासारखे बारीक तंतू राहतात, ते आम्ही काढतोच, एखादा राहिला तर नखाने निघतो.

आता नागपूर-अकोल्याकडची मंडळी लगेच म्हणतात की आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री असतं, मग पीएलए चालणारच नाही का? चालतं. ४५ हे सावलीतलं तापमान आहे आणि घरातल्या टेबलावर त्याच्या पुढे काही जात नाही, फोन चार्ज होताना गरम होतो तो पण पीएलए वाकवण्याइतका नाही. खरा घोळ तीन जागी होतो: बंद गाडीचा डॅशबोर्ड, पश्चिमेच्या खिडकीत काचेमागे थेट ऊन येतं ती कडा, आणि टीव्हीचा सेटटॉप बॉक्स किंवा राउटर यांच्या अगदी डोक्यावर. त्यात रंग काळा किंवा गडद असेल तर उन्हात तो फिकट रंगापेक्षा बराच जास्त तापतो. म्हणून ज्यांचं टेबल खिडकीला लागून आहे त्यांना आम्ही स्वतःहून सांगतो की पांढरा किंवा राखाडी घ्या, आणि पीईटीजी घ्या.

अकोल्याच्या एका ताईंचं उदाहरण देतो. त्यांनी काळा पीएलए स्टँड घेतला, घरी वापरायला म्हणून, आणि मग तो दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने गाडीच्या डॅशबोर्डवर लावला. मे महिना, गाडी दुपारभर उन्हात उभी. संध्याकाळी बघतात तर मागची पाठ मागे कलंडलेली आणि पुढची ओठाची पट्टी खाली झुकलेली, फोन ठेवला की घसरतोय. त्यांना वाटलं माल खराब आला. फोटो मागवले तर कुठेही चीर नाही, थर सुटलेले नाहीत, सगळा बाक एकसारखा गोलाईत आलेला. ही उष्णतेची खूण आहे. माल कमजोर असता तर तो थरांच्या रेषेवर तुटला असता, वाकला नसता. बाहेर चाळिशीच्या वर असेल तर बंद गाडीत काचेखालचा डॅशबोर्ड ६० च्या पुढे सहज जातो, मग पीएलएने वाकायचंच.

वाकला तर घरी सरळ करता येतो (फक्त पीएलए)

त्या ताईंना आम्ही फोनवर हे सांगितलं आणि त्यांचा स्टँड वापरण्यासारखा झाला. तीन वाट्या उकळतं पाणी आणि दोन वाट्या नळाचं साधं पाणी एका खोलगट पातेल्यात मिसळा, म्हणजे साधारण ६५-७० डिग्री होतं. हातात जाड रबरी मोजे घाला. स्टँडचा फक्त वाकलेला भाग पाण्यात धरा, अख्खा बुडवू नका, नाहीतर जो भाग सरळ आहे तो पण मऊ पडेल आणि मग काय धरून काय सरळ करायचं ते कळणार नाही. २०-३० सेकंदांनी हलका दाब देऊन बघा, नरम लागला की बाहेर काढून ओट्यावर ओल्या फडक्याने दाबून हवा त्या कोनात एक मिनिटभर धरून ठेवा. दाब देताना कडक लागला तर जबरदस्ती करू नका, परत पाण्यात धरा. उकळतं पाणी थेट ओतू नका, आतून तो पोकळ जाळीचा असतो त्यामुळे पृष्ठभाग सुरकुततो. पूर्ण गार झाल्यावरच फोन ठेवा. कोन अगदी पहिल्यासारखा येईलच असं नाही, पण फोन नीट उभा राहतो.

पीईटीजीला हे करू नका, त्याला याहून जास्त तापमान लागतं आणि घरच्या घरी हात भाजून घ्याल. आणि हो, गाडीसाठी म्हणून आम्ही कुठलाच स्टँड विकत नाही, पीईटीजी पण नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात डॅशबोर्डवर त्याचाही भरवसा देता येत नाही, शिवाय ब्रेक मारला की फोन उडेल ते वेगळंच.

वजन आणि पडणं

थर एकमेकांना चिकटलेले असतात, पण थराच्या आडव्या ताकदीपेक्षा दोन थरांमधला जोड नेहमी कमीच असतो, खारीचे पदर जसे सुटतात तसंच इथेही सुटतं तर तिथेच सुटतं. म्हणून स्टँड आम्ही आडवा झोपवून प्रिंट करतो, थर पाठीपासून ओठापर्यंत सलग जातात आणि फोनचं वजन जोडावर येत नाही. ऑर्गनायझरला ही सोय नाही, तो उभाच प्रिंट करावा लागतो, त्यामुळे त्याच्या भिंती वरून कितीही दाबल्या तरी काही होत नाही पण कडेला धरून बाहेर ओढल्या किंवा फरशीवर पडला तर आडवी चीर जाऊ शकते. उचलताना भिंतीला धरून उचलू नका, खालून उचला. चीर गेलीच तर फेविक्विकचे दोन-तीन थेंब सोडून घट्ट धरा, पीएलएला ते मस्त चिकटतं.

स्टँड फोनसाठी आहे, दहा इंची टॅब्लेटसाठी नाही. टॅब्लेट ठेवला की लगेच काही होत नाही म्हणून लोक ठेवतात, पण रोजच्या रोज अर्धा किलो वजन राहिलं तर थंड खोलीतही प्लास्टिक महिन्याभरात हळूहळू बसतं, आणि ते वॉरंटीत येत नाही.

साफसफाई

धूळ थरांच्या रेषांत बसते, कोरड्या फडक्याने जात नाही. जुना मऊ टूथब्रश, कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, झालं. बादलीत भिजत ठेवू नका. बारीक फटींतून पाणी आतल्या पोकळीत जातं आणि मग हलवलं की आवाज येतो, असं झालं तर उलटा करून सावलीत दिवसभर ठेवा. हेअर ड्रायर अजिबात लावू नका (वर सांगितलंय का ते). जेल पेनची शाई लागली तर फडक्यावर थोडं सॅनिटायझर घेऊन पुसा, पण पांढऱ्यावरचा डाग पूर्ण जात नाही, तिथे बॉलपेनच ठेवा. नेलपेंट रिमूव्हर आणि थिनरने पृष्ठभाग चिकट आणि पांढुरका होतो, लांब ठेवा.

चमचे, टूथब्रश, खाऊ असलं काही ऑर्गनायझरमध्ये ठेवू नका. रेषांमध्ये ओल आणि घाण राहते, ती पूर्ण निघत नाही.

पीएलए झाडापासून बनतं म्हणून परसात पुरलं की कुजेल असं बरेच जण समजतात, तसं होत नाही, त्याला कंपोस्ट प्लांटमधली ५५-६० डिग्रीची सततची उष्णता लागते. ओल्या कचऱ्यात टाकू नका.

बदलून कधी मिळेल

अंगावरच्या बारीक रेषा, एका कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत जाणारा जोड, आणि वेगवेगळ्या लॉटमध्ये रंगाचा थोडा फरक, हा दोष नाही, थ्रीडी प्रिंट असंच दिसतं. दोष कसा ओळखायचा तर ओट्यावर किंवा काचेवर ठेवून बोटाने कोपरे दाबा: डुगडुगत असेल आणि उचललेल्या कोपऱ्याखाली व्हिजिटिंग कार्ड सहज सरकत असेल तर प्रिंट होताना बूड उचललंय, आम्ही बदलून देतो. मग उजेडाकडे धरून बघा, भिंतीतून आडवी फट दिसली तरी बदलून देतो. पार्सल मिळाल्यापासून सात दिवसांत कळवा, एक फोटो समोरून, एक बाजूने आणि एक बुडाचा पाठवा. बुडाचा फोटो बहुतेक जण विसरतात आणि मग परत मागावा लागतो.

पावसाळ्यात ऑर्डरला दोन-तीन दिवस जास्त धरा. तार हवेतली ओल शोषते, तशीच वापरली तर प्रिंट होताना चटचट आवाज येतो आणि थर कच्चे बसतात, म्हणून आधी कित्येक तास वाळवून घ्यावी लागते. तयार स्टँडला मात्र पावसाळी हवेने काही होत नाही.