हेप्सिडिन

हेप्सिडिन : यकृताच्या पेशींत तयार होणारे, २५ ॲमिनो आम्लांचे संप्रेरक. रक्तात किती लोह येऊ द्यायचे, हे मुख्यतः तेच ठरवते.

पेशीतले लोह रक्तात जाण्याचा मार्ग एकच आहे : पेशीच्या पटलावरचे फेरोपोर्टिन हे प्रथिन. हेप्सिडिन फेरोपोर्टिनला चिकटले की पेशी ते प्रथिन आत ओढून नष्ट करते आणि लोह आतच अडकते. ही यंत्रणा २००४ मध्ये उलगडली. शरीरात लोह वाढले की हेप्सिडिन वाढते. रक्तस्रावानंतर तांबड्या पेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेला लोहाची निकड भासली की ते घटते.

हा मार्ग आतड्याच्या पेशींत आहे, तसाच जुन्या तांबड्या पेशी गिळणाऱ्या प्लीहा व यकृतातील भक्षकपेशींतही आहे. अन्नातून दिवसाला जेमतेम १–२ मिलिग्रॅम लोह शोषले जाते. भक्षकपेशी मात्र २०–२५ मिलिग्रॅम परत करतात आणि त्यावरच मज्जेचे रोजचे काम चालते. रक्तद्रवात एका वेळी सुमारे ३ मिलिग्रॅमच लोह असते. त्यामुळे भक्षकपेशींनी हात आखडता घेतला की रक्तातले लोह काही तासांतच उतरते.

जंतुसंसर्गात किंवा दीर्घकाळच्या दाहात नेमके हेच होते. दाहामुळे इंटरल्युकिन-६ हे संदेशवाहक प्रथिन वाढते आणि ते यकृताला हेप्सिडिन बनवायला लावते. लोहावर वाढणाऱ्या जंतूंची उपासमार करण्याचा हा उपाय असावा. थोड्या दिवसांच्या तापात तो परवडतो. संधिवातासारखा दाह महिनोन्‌महिने राहिला, तर मज्जा उपाशी राहून रक्तक्षय होतो.

समजा, आमवाती संधिवाताच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन डेसिलिटरला ९.५ ग्रॅम, लोह साठवणारे प्रथिन फेरिटिन मिलिलिटरला २४० नॅनोग्रॅम आणि रक्तात लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिनची लोहसंपृक्तता ११ टक्के आहे. फेरिटिन सांगते की साठा आहे. ११ टक्के सांगतात की तो रक्तात पोहोचत नाही (साधारणतः २० टक्क्यांहून अधिक अपेक्षित असते). अशा वेळी लोहाच्या गोळ्या फारशा लागू पडत नाहीत, कारण आतड्यातला मार्गही बंद असतो. शिरेतून दिलेले लोहही बरेचसे भक्षकपेशींतच अडकू शकते. खरा उपचार दाह शमवण्याचा. तो ओसरला की हेप्सिडिन उतरते आणि अडकलेले लोह मोकळे होते.

इथे एक चूक वारंवार घडते. दाहात फेरिटिन आपोआपच चढते, म्हणून त्याच रुग्णाचे फेरिटिन ६० आले तर ‘साठा ठीक’ म्हणून सोडून देणे धोक्याचे आहे. दाह असताना १०० पेक्षा कमी फेरिटिन बहुधा खरी लोहकमतरताही सोबत असल्याचे सुचवते. मग लोह द्यावे लागते, आणि ते कुठून झिरपत आहे, उदाहरणार्थ वेदनाशामक गोळ्यांनी जठरात झालेल्या व्रणातून, हेही शोधावे लागते.