घोट्याचे हाड मोडले. सांधा सरकला का?

पावसाळ्यात दादर स्थानकाच्या ओल्या जिन्यावर पाय मुरगळून पडलेल्या पन्नाशीच्या एका बाईंचा एक्स-रे समोर आहे, असे समजा. गुडघ्याखालच्या दोन हाडांपैकी बाहेरचे बारीक हाड, म्हणजे फिब्युला, घोट्याच्या सांध्याच्या पातळीवर तिरके मोडले आहे. नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘ऑपरेशन लागेल का?’ त्याचे उत्तर मोडलेल्या रेषेपेक्षा टॅलस हे घोट्यातले हाड जागेवर राहते की नाही, यावर जास्त अवलंबून असते.

वेबर वर्गीकरणात फिब्युला किती उंचीवर मोडले, ते पाहतात. सांध्याच्या लगेच वर टिबिया, म्हणजे आतले जाड हाड, आणि फिब्युला यांना घट्ट जखडणाऱ्या अस्थिबंधांच्या जोडणीला सिंडेस्मोसिस म्हणतात. मोड तिच्या खाली असेल तर ‘ए’, तिच्या पातळीवर असेल तर ‘बी’ आणि वर असेल तर ‘सी’. ‘ए’मध्ये ही जोडणी बहुधा शाबूत असते. ‘सी’मध्ये ती बहुतेक वेळा फाटलेली असते आणि सहसा शस्त्रक्रिया लागते. कधीकधी तर मोड थेट गुडघ्याजवळ असतो आणि घोट्याच्या फिल्ममध्ये तो दिसतच नाही. म्हणून डॉक्टरांनी फिब्युला वरपर्यंत दाबून पाहिले पाहिजे.

या बाईंचा मोड ‘बी’ आहे, आणि खरी पंचाईत इथेच होते. घोट्याच्या आतल्या बाजूचा डेल्टॉइड अस्थिबंध शाबूत असेल तर तो टॅलसला जागेवर धरून ठेवतो. तो फाटला असेल तर टॅलस बाहेर सरकतो. आतल्या घोट्याचे हाड आणि टॅलस यांच्यातली फट साधारणपणे 4 मिलिमीटरपर्यंत असते. बाईंच्या फिल्ममध्ये ती 3 आहे, पण ती फिल्म पायावर भार नसताना काढलेली आहे. आतल्या बाजूला दुखते की नाही, एवढ्यावरूनही खात्री होत नाही. म्हणून आठवड्याभराने, वेदना सोसवेल इतके वजन पायावर देऊन उभे राहायला सांगतात आणि पुन्हा एक्स-रे काढतात.

तेव्हाही फट 3 मिलिमीटरच राहिली, तर घोटा स्थिर मानून सुमारे सहा आठवडे प्लास्टर किंवा बूट देतात आणि सुरुवातीला एक्स-रे काढून हाड सरकत नाही ना, हे पाहतात. फट 6 झाली, तर टॅलस सरकला आहे, असा अर्थ होतो. मृतदेहांच्या घोट्यांवरील 1976च्या एका प्रयोगात टॅलस केवळ 1 मिलिमीटर बाहेर सरकल्यावर सांध्यातील संपर्काचे क्षेत्र सुमारे 42 टक्क्यांनी घटल्याचे आढळले होते. जिवंत माणसाच्या पायाला तो आकडा जसाच्या तसा लावणे माझ्या मते धाडसाचे ठरेल, पण कमी जागेवर तेवढाच भार आला की कूर्चा झिजते, हे तत्त्व त्यातून स्पष्ट होते.

अशा वेळी फिब्युला प्लेट-स्क्रूने जागेवर बसवतात. त्यानंतर टेबलावरच, एक्स-रेखाली, फिब्युला आकड्याने बाहेर ओढून पाहतात. टिबियापासूनचे अंतर वाढले, तर सिंडेस्मोसिसही सैल आहे. मग दोन्ही हाडांतून आडवा स्क्रू किंवा मजबूत दोऱ्याची गाठ घालावी लागते. मात्र फिब्युला टिबियाच्या खोबणीत नेमके बसलेले नसताना ते तसेच आवळले, तर चूक पक्की होते, आणि ती साध्या एक्स-रेवर सहज निसटते. म्हणून शंका असेल तेव्हा सीटी स्कॅन करून दोन्ही पायांची तुलना करतात.