घरांची कार्डं रिकामी का आहेत? (प्राणी आणि त्यांची घरं, नर्सरी सेट)

सेट उघडला की बऱ्याच टीचर आणि पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो, की प्राण्यांची कार्डं छान आहेत पण घरांच्या कार्डांवर प्राणीच नाही, गोठा आहे पण गाय नाही, पोळं आहे पण मधमाशी नाही, काही छापायचं राहिलंय का? काही राहिलेलं नाही, घरं मुद्दाम रिकामी ठेवली आहेत. गोठ्याच्या चित्रात गाय उभी असली तर मूल गायीला गाय जुळवतं, म्हणजे सारखं चित्र शोधतं, आणि ते त्याला नर्सरीत यायच्या आधीपासूनच येत असतं. रिकामं घर समोर असलं की त्याला बघावं लागतं की दार केवढं आहे, घर उंचावर आहे की जमिनीत आहे, आत काय ठेवलंय. म्हणून गोठ्याच्या कार्डात गव्हाण आणि खुंटीला बांधलेलं दावं आहे, बिळाच्या तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग आहे, आणि पोळ्याचे सहा कोनी कप्पे एकेक मधमाशी मावेल एवढेच काढलेत. बोट ठेवून दाखवायच्या जागा याच.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक सांगतो. कार्डं आवरायला सोपी जावीत म्हणून मागे नंबर लिहितात किंवा जोडीच्या दोन्ही कार्डांना एकाच रंगाचा स्टिकर लावतात. हेतू चांगला असतो, वर्गात पंचवीस मुलं आणि मधल्या सुट्टीची घंटा झालेली, पटकन आवरायचं असतं. पण मुलं फार हुशार असतात, एक-दोन वेळातच त्यांना स्टिकर कळतो आणि मग ती प्राणी-घर जुळवतच नाहीत, हिरव्याला हिरवं लावतात. आपल्याला वाटतं छान जमलं, पुढचे प्राणी घेऊ, आणि महिन्याभराने नवी कार्डं हातात आली की सगळं पहिल्यापासून करावं लागतं. ओळखायचं कसं? जोडी लागली की बिळाच्या कार्डावर बोट ठेवून विचारा, "गाय इथं का नाही गेली?" मूल "ती मोठीये" किंवा "दार छोटंय" एवढं जरी म्हणालं तरी त्याला कळलंय. नुसतं कार्ड उलटून मागे बघायला लागलं तर ते खुणेवर चाललंय. खूण करायचीच असेल तर कार्डांवर नको, डब्याच्या झाकणावर यादी चिकटवा, आवरताना मोठ्या माणसांना तेवढं पुरतं.

दुसरं म्हणजे सगळी कार्डं एकदम काढू नका. पहिल्या दिवशी तीन प्राणी, चिमणी, गाय आणि ससा. एकीचं घर उंचावर, एकीचं मोठं, एकाचं जमिनीखाली, म्हणजे फरक डोळ्यांना दिसतो. घरं मात्र चार मांडा, घरटं, गोठा, बीळ आणि वर पोळं. तिघांना तीनच घरं ठेवली तर शेवटची जोडी आपोआप लागते, मुलाला विचार करावाच लागत नाही. घरं आधी ओळीत मांडायची, प्राणी एकेक करून हातात द्यायचा, आणि दुसऱ्या फेरीला घरांच्या जागा बदलायच्या, नाहीतर "गाय शेवटची" असंच पाठ होतं. गाय आणि घोडा एकाच दिवशी घेऊ नका. गोठा आणि तबेला हा फरक आपण नावानं केलेला आहे, दोन्हीकडे छप्पर आणि चारा, लहान मुलाला चित्रात त्याचं कारण सापडत नाही. आधी इतर घरं पक्की होऊ द्या.

कार्डं मांडायच्या आधी ही गोष्ट सांगा. जिथं थांबा लिहिलंय तिथं खरंच थांबा, घाईनं पुढे गेलात तर मुलांचं उत्तर ऐकायचं राहून जातं.

पाऊस आला. ससुला गवत खात खात लांब आलेला, आता घर कुठं तेच आठवेना. पळत पळत झाडाखाली आला. वर घरटं! "चिमणीताई, चिमणीताई, मी येऊ?" "ये की, पण वर कसा येशील?" (थांबा. ससुल्याला पंख आहेत का?) दुसऱ्या फांदीला पोळं होतं. "मधमाशीताई, मी येऊ?" "गुंऽऽ गुंऽऽ, आमच्या खोल्या एवढ्याश्या, तुझं नाकसुद्धा मावायचं नाही." (थांबा. बोटानं कप्पा दाखवा.) ससुला गोठ्यात गेला. "गाईमावशी, मी येऊ?" "ये रे बाळा, पण माझा पाय पडेल हं तुझ्यावर." (थांबा. मग कुठं जायचं?) इतक्यात ससुल्याला मातीचा ढीग दिसला. ढिगामागे भोक. आत वाकून बघतो तर कोरडं कोरडं! कान मागे केले आणि सुर्रकन आत.

गोष्ट संपली की "काय शिकलात" वगैरे विचारायचं नाही, लगेच चार घरं मांडायची आणि ससुल्याचं कार्ड एका मुलाच्या हातात द्यायचं. ते कार्ड गोठ्यावर ठेवलं तर हातातून काढून घेऊ नका, "मावशीचा पाय?" एवढंच म्हणा, बहुतेक मुलं स्वतःच उचलतात. आणि कुणी चिमणी गोठ्यात ठेवली तर लगेच चूक म्हणू नका, आधी विचारा का ते. चिमण्या गोठ्याच्या आढ्याला घरटं करतात आणि एखाद्या मुलानं ते पाहिलेलं असतं. त्या मुलाला मग घरट्याचं कार्ड गोठ्याच्या कार्डावर ठेवू द्या.

आणखी काही गोष्टी वारंवार विचारल्या जातात. नऊ प्राणी आणि आठच घरं, म्हणजे एक कार्ड कमी आलं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण पोपट आणि घुबड दोघांना एकच ढोली दिली आहे, कारण दोघंही झाडाच्या पोकळीत अंडी घालतात. हे कार्ड शेवटी काढा, एका घराला दोन उत्तरं असतात हे मुलांना फार आवडतं. सिंहाची गुहा आम्ही ठेवलेली नाही. चित्रांत ती सगळीकडे दिसते, पण सिंह उघड्या माळावर, झाडाझुडपांच्या सावलीत राहतो, त्याला गुहा लागत नाही, आणि पुढच्या वर्गात खोडून काढावं लागेल असं आम्हाला छापायचं नाही. ससा बिळात कसा, असंही विचारतात. रानात गवतात नुसता खळगा करून बसतो तो रानससा, तो बीळ खणत नाही. कार्डावरचा ससा बिळं खणणाऱ्या जातीचा आहे, पाळतात तोच. घरट्याबद्दल एवढं बोला की चिमणी ते अंड्या-पिल्लांसाठी बांधते, कारण बहुतेक पक्षी पिल्लं उडाली की घरटं सोडून देतात आणि "रिकामं घरटं कुणाचं" हा प्रश्न मुलं बाहेरून घेऊन येतातच.

वर्गासाठी हाच सेट मोठ्या साईझमध्येही मिळतो, मागे बसलेल्या मुलांना गव्हाण आणि कप्पे नीट दिसतात, घरी एका मुलासाठी छोटाच पुरे. एखादं कार्ड हरवलं, फाटलं किंवा आधीच स्टिकर लावून झाले असतील तर पूर्ण सेट परत घेऊ नका, सुटं कार्डही देतो, फक्त प्राणी की घर आणि छोटा सेट की मोठा एवढं नक्की लिहून पाठवा.