डायनामाइट

नायट्रोग्लिसरीन हे द्रव स्फोटक सच्छिद्र पदार्थात जिरवून तयार केलेले, कांडीच्या रूपात वापरता येणारे स्फोटक. अ‍ॅल्फ्रेड नोबेल (१८३३–१८९६) या स्वीडिश रसायनज्ञाने १८६७ मध्ये ब्रिटन व स्वीडनमध्ये आणि १८६८ मध्ये अमेरिकेत त्याचे एकस्व (पेटंट) घेतले. ‘सामर्थ्य’ या अर्थाच्या ‘ड्युनामिस’ या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. काही काळ ते ‘नोबेलची सुरक्षित दारू’ या नावानेही विकले जाई. नोबेलच्या कारखान्यांचा खप १८६७ मध्ये सुमारे ११ टन होता, तो १८७४ पर्यंत ३,००० टनांच्या वर गेला.

पूर्वपीठिका : सुरुंगकामात तोवर गंधक, कोळसा व सोरा यांची काळी दारूच वापरात होती. ती पेटते, तिचा वायू होतो आणि तो दगडाला रेटतो. खरा आघात ती करत नाही. म्हणून भोकाचे तोंड घट्ट ठासावे लागते आणि कठीण, अभंग खडकात फार दारू घालूनही थोडाच दगड निघतो. ओल्या भोकात तर ती निकामीच. तूरिन येथे आस्कान्यो सोब्रेरो या इटालियन रसायनज्ञाने १८४७ च्या सुमारास नायट्रोग्लिसरीन तयार केले, पण ते इतके बेभरवशाचे निघाले की त्याच्या व्यावहारिक उपयोगाबद्दल तो स्वतः साशंक राहिला. काळ्या दारूचे ज्वलन सेकंदाला काही शे मीटरच्या आत राहते, तर नायट्रोग्लिसरिनाच्या स्फोटाची लाट सेकंदाला सुमारे साडेसात हजार मीटरपर्यंत धावते. एवढ्या वेगात खडकाला सरकायला सवड मिळत नाही, त्याचा चुरा होतो.

हा द्रव हवा तेव्हा उडवणे ही पहिली अडचण होती. नुसती ठिणगी लावली तर थोडा द्रव कित्येकदा जळून जाई, आणि नको तेव्हा लागलेल्या धक्क्याने उडे. नोबेलने १८६३ पासूनच्या प्रयोगांत उष्णतेऐवजी लहान स्फोटाच्या धक्क्याने मोठा स्फोट सुरू करण्याची युक्ती बसवली; त्यातून पाऱ्याच्या फल्मिनेटाची टोपी (डिटोनेटर) आली. स्फोटकांच्या इतिहासात डायनामाइटपेक्षा ही टोपीच अधिक मूलगामी ठरते, असे मानणाऱ्यांचा पक्ष सबळ दिसतो. टोपी नसती तर मंदावलेले स्फोटक उडवताच आले नसते.

दुसरी अडचण वाहतुकीची. ३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोममधील हेलेनेबोर्ग येथे नोबेल कुटुंबाच्या कारखान्यात स्फोट होऊन धाकटा भाऊ एमील व इतर काही जण मरण पावले. एप्रिल १८६६ मध्ये पनामाच्या अ‍ॅस्पिनवॉल (आजचे कोलोन) बंदरात ‘युरोपियन’ हे जहाज उडाले आणि त्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोत वेल्स फार्गोच्या कचेरीत गळकी पेटी उघडताना स्फोट झाला. कॅलिफोर्नियात वाहतुकीवर बंधने आली. १८६९ मध्ये ब्रिटनने कायदाच केला. द्रवाच्या डब्याला सूक्ष्म भेग पडली तरी नायट्रोग्लिसरिनाचे तेल बाहेर झिरपते आणि कोणाच्या ध्यानीही येत नाही, हे त्यातले मर्म होते.

शोधाविषयीचा वाद : प्रचलित कथा अशी, की हँबुर्गजवळील क्रुमेल येथील कारखान्यात डबे ज्या मातीत गुंडाळून पाठवत, त्या मातीत गळालेले तेल जिरून घट्ट लगदा झालेला दिसला आणि नोबेलला कल्पना सुचली. हा वृत्तान्त लोकप्रिय आहे, पण नोबेलने स्वतः तो नाकारला. द्रव कशात तरी जिरवावा हा विचार आपण आधीपासून करत होतो, असे त्याचे म्हणणे. त्याने कोळसा, लाकडाचा भुसा, विटांची पूड व सिमेंट अशा पदार्थांचे प्रयोग केल्याचे सांगितले जाते. हे प्रयोग पाहता योगायोगाची कथा दुय्यम धरणे बरे. तथापि ती माती क्रुमेलला हाताशी होती, हेही खरेच. ल्यूनेबुर्गच्या माळरानात तिचे मोठे साठे होते. शोध कोणत्या दिवशी लागला हे सांगण्याऐवजी ‘१८६६–६७’ असा काळ देणे अधिक सुरक्षित.

सोब्रेरोला श्रेय किती द्यावे, हाही जुना वाद. द्रव्य त्याचे, त्याला वापरात आणणे नोबेलचे, अशी वाटणी बहुतेक लेखक करतात. नोबेलच्या कंपनीने इटलीतील आव्हिल्याना येथील कारखान्यात सोब्रेरोचा पुतळा बसवला होता, यावरून ही वाटणी नोबेलच्या बाजूलाही मान्य असावी.

स्थिरीकरणाची यंत्रणा : वापरलेली माती म्हणजे किझेलगूर. डायाटम या सूक्ष्म शैवालांच्या सिलिकामय कवचांची ती भुकटी असते. कवचांना असंख्य छिद्रे असल्याने स्वतःच्या वजनाच्या सुमारे तिप्पट द्रव ती धरून ठेवते, म्हणून जुन्या डायनामाइटात तीन भाग तेल व एक भाग माती असे प्रमाण होते. हातात घेतले तर ते ओलसर, भुरक्या रंगाच्या मळलेल्या कणकेसारखे लागे. ते कागदात गुंडाळून कांड्या करत.

येथे ‘स्थिर’ हा शब्द जपून वापरावा लागतो. नायट्रोग्लिसरिनाचा रेणू डायनामाइटात तोच असतो, मातीने त्यात रासायनिक बदल होत नाही. तयार झालेले तेल धुताना त्यात आम्ल मागे राहिले तर कांडीतले तेलही कालांतराने विघटित होऊ लागते. बदलते ती अवस्था. द्रवात अडकलेले हवेचे बुडबुडे धक्क्याने दाबले जाऊन क्षणात तापतात आणि तिथून स्फोट सुरू होऊ शकतो. द्रव छिद्रांत थेंबाथेंबाने बांधला गेला की वाहणे, हिंदकळणे व झिरपणे थांबते, आणि धक्क्याचा बराचसा भाग माती पचवते. जुलै १८६७ मध्ये इंग्लंडमधील मर्स्टमच्या खाणीत नोबेलने डायनामाइटाची पेटी कड्यावरून दगडावर टाकून दाखवली, दुसरी आगीत जाळली. दोन्ही उडाल्या नाहीत. तीच वस्तू टोपी लावल्यावर मात्र उडाली.

ही सुरक्षितता सशर्त होती. तेल सुमारे १३° से.ला गोठते. थंड देशांत खाणकामगार गोठलेल्या कांड्या शेगडीवर वितळवत आणि त्यातून कितीतरी अपघात होत. उष्ण व दमट हवेत तेल कांडीबाहेर येऊन कागदावर मण्यांसारखे दिसे. कांडी ‘घामेजली’ की तिला हात लावू नये, हा नियम तिथून आला. पाणी लागले तर मातीतून तेल हटते. मातीचा चौथा हिस्सा स्फोटात काहीच काम करत नसे. या दोन दोषांवर नोबेलने १८७५ मध्ये उपाय काढला : मातीऐवजी नायट्रोसेल्युलोज मिसळून तेलाचा जेलीसारखा गोळा बनवला. आपल्याकडे विहिरी फोडणाऱ्यांच्या बोलण्यातली ‘जिलेटिनची कांडी’ हिचे नाव याच वाणाचे. नाव टिकले, पदार्थ बदलला : भारतात नायट्रोग्लिसरीनयुक्त स्फोटकांना २००४ पासून मनाई आहे.

बोगद्यांतील उपयोग : नायट्रोग्लिसरिनाचा फायदा किती, याचे मोजमाप कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडातील समिट बोगद्यात (१८६६–६७) सापडते. तेथे कठीण ग्रॅनाइटात चिनी मजूर हाताने भोके पाडत. वाहतूक बंद म्हणून १८६७ मध्ये तेल जागेवरच बनवले गेले. काळ्या दारूने बोगद्याचे तोंड दिवसाला सरासरी १·१८ फूट पुढे जाई, तेलाने १·८२ फूट. ही वाढ सुमारे दीडपट आहे. दहापटीची भाषा जाहिरातींची. फायद्याचा एक भाग भोकांच्या आकारात आहे. जोरकस स्फोटक थोडे लागते, म्हणून भोक अरुंद चालते. व्यास निम्मा केला तर कोरायचा दगड चौथ्या हिश्श्यावर येतो.

मात्र द्रव तेल खाली उतरत्या भोकातच ओतता येई. बोगद्यात निम्मी भोके आडवी, काही छताकडे असतात. खडकातल्या फटींत शिरलेले तेल उरे आणि पुढच्या पाळीतल्या मजुराची पहार त्यावर पडे. कांडी कोणत्याही दिशेच्या भोकात बसते आणि जेथे ठेवली तेथेच राहते. डायनामाइटने सुरुंगकामाला दिलेली खरी गती येथे आहे, स्फोटाच्या जोरात नाही. जोर तर मातीमुळे किंचित घटलाच.

आल्प्समधील दोन बोगद्यांची तुलना नेहमी दिली जाते. माँ सेनी (फ्रेज्यूस) बोगदा ऑगस्ट १८५७ ते डिसेंबर १८७० असा मुख्यतः काळ्या दारूने झाला : सुमारे १२ किमी, म्हणजे दोन्ही तोंडे मिळून दिवसाला सरासरी अडीच मीटर. गोटहार्ड बोगद्यात १८७२ पासून डायनामाइट होते. १५ किमी खडक फुटून २९ फेब्रुवारी १८८० रोजी दोन्ही बाजू भेटल्या, दिवसाला सरासरी साडेपाच मीटर. ही सारी वाढ डायनामाइटच्या खात्यावर मांडणे मात्र बरोबर नाही. माँ सेनीत पहिली वर्षे हाताने भोके पाडली गेली आणि दाबलेल्या हवेवर चालणारे छिद्रणयंत्र १८६१ मध्ये आले. गोटहार्डला ते आधीपासून सुधारून तयार मिळाले. यंत्राने भोके लवकर पडू लागली आणि डायनामाइटने ती लवकर भरून उडवता आली, असे दोन्हींचे मिळून श्रेय धरावे. गोटहार्डमध्ये सुमारे २०० कामगार दगावले. ठेकेदार लुई फाव्र याचा मृत्यूही १८७९ मध्ये बोगद्यातच झाला. धूर बाहेर जाईपर्यंत कामगारांना आत जाता येत नसे आणि तेल त्वचेतून शोषले गेल्याने डोकेदुखी कायमची. तेल रक्तवाहिन्या रुंदावते हे त्याचे कारण.

पुणे–मुंबई मार्गावरचे बोरघाटातील २५ बोगदे १८६३ पर्यंत पुरे झाले, म्हणजे डायनामाइटच्या आधी. त्या कामाचे श्रेय पहार, घण व काळ्या दारूला आहे. ‘इंग्रजांनी डायनामाइट लावून घाट फोडला’ हे ऐकीव विधान कालदृष्ट्या जमत नाही.

कालवे व खाणी : सुएझ कालव्याचे (१८५९–६९) नाव डायनामाइटशी जोडले जाते, पण तेथे मुख्यतः वाळू व माती उपसायची होती. खडक फोडण्याचे मोठे उदाहरण पनामा कालवा. अमेरिकनांच्या कामात सहा कोटी पौंडांच्या आसपास डायनामाइट खर्ची पडले, त्यातला मोठा वाटा कुलेब्राच्या खिंडीत. तेथे १२ डिसेंबर १९०८ रोजी बास ओबिस्पो येथे भरलेले सुमारे २२ टन स्फोटक अकाली उडून २३ जण ठार झाले. खाणींत धातुखनिजासाठी डायनामाइट लवकर रुळले, पण कोळशाच्या खाणींत नाही : स्फोटाची झळ खाणीतल्या ज्वालाग्राही वायूला पेटवते. त्यासाठी झळ थंड ठेवणारी मीठमिश्रित ‘अनुज्ञेय’ स्फोटके पुढे वेगळी बनवावी लागली.