फोटोविना व्हॉइस आणि डायरेक्ट-इनडायरेक्टचे प्रश्न

इंग्रजीच्या स्वाध्यायात ‘व्हॉइस बदला’ किंवा ‘इनडायरेक्ट करा’ एवढी सूचना हाती येते, पण वाक्यांचा फोटो उघडत नाही किंवा आलेलाच नसतो. अशा वेळी सोडवणाऱ्याजवळ बहुधा मित्राच्या वहीतली उत्तरे तेवढी असतात. उत्तरावरून मूळ वाक्य काढता येते का, याचे उत्तर दोन्ही प्रकारांत वेगवेगळे आहे.

व्हॉइसमध्ये ते सहसा जमते, कारण व्हॉइस बदलताना काळ बदलत नाही. ‘द लेटर वॉज रिटन बाय सीमा’ यावरून ‘सीमा रोट द लेटर’ हे एकच वाक्य निघते. अडचण येते ती ‘बाय’ गळल्यावर. ‘द विंडो वॉज ब्रोकन’ या वाक्यात काच फोडणारा कोण हे कुठेच नाही. तिथे ‘समवन ब्रोक द विंडो’ असे लिहितात. मूळ वाक्यात ‘द बॉइज’ असेल, तर ते परत मिळत नाही.

डायरेक्ट-इनडायरेक्टमध्ये मात्र माहिती खरोखर पुसली जाते. ‘ही सेड दॅट ही हॅड सीन अ टायगर’ हे उत्तर घ्या. अवतरणचिन्हांत ‘आय सॉ अ टायगर’ असू शकते, ‘आय हॅव सीन अ टायगर’ असू शकते आणि ‘आय हॅड सीन अ टायगर’ही असू शकते, कारण सांगणारे क्रियापद भूतकाळी असले की तिन्ही काळ ‘हॅड सीन’वर येऊन थांबतात. शिवाय दुसरा ‘ही’ म्हणजे बोलणारा स्वतः की तिसराच कोणी, हेही कळत नाही. उत्तरात पुढे ‘द डे बिफोर’ असेल तर थोडी मदत होते. मुळात ‘येस्टरडे’ असणार, आणि ‘येस्टरडे’बरोबर ‘हॅव सीन’ चालत नाही. म्हणून बहुधा ‘आय सॉ’.

‘आस्क्ड इफ’ दिसले तर मुळात हो-नाही उत्तराचा प्रश्न होता. ‘टोल्ड हिम टू’ दिसले तर आज्ञा होती.

फोनवर वाक्य विचारून घेताना आणखी एक गोची होते. मराठीत ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ असे बोलतो. ‘की’ नंतरही ‘मी’ आणि ‘येतो’ तसेच राहतात. त्यामुळे सांगणारा मराठी वळणाने सांगू लागला, तर अवतरणचिन्ह कुठे सुरू होते ते ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि ‘ही सेड दॅट आय अॅम कमिंग टुमॉरो’ असे चुकीचे उत्तर लिहिले जाते. ‘मी’ म्हणजे तोच असेल, तर ‘ही सेड दॅट ही वॉज कमिंग द नेक्स्ट डे’ हवे. म्हणून वाक्य इंग्रजीतच, शब्दन् शब्द वाचायला सांगावे, आणि तीन गोष्टी मुद्दाम विचाराव्यात: ‘सेज’ आहे की ‘सेड’, अवतरणचिन्हे कुठून कुठपर्यंत आहेत, आणि शेवटी पूर्णविराम आहे की प्रश्नचिन्ह. ‘सेज’ असेल तर काळ मागे ढकलायचाच नसतो.